लहानग्यांचे जंत: आधी कोणते ते ओळखा, मग औषध द्या

10 ऑगस्टला अंगणवाडीत जंताची गोळी मिळाली, मूल काही दिवस शांत झोपलं, आणि सप्टेंबर उजाडतो न उजाडतो तोच रात्री उठून पुन्हा शीच्या जागी खाजवायला लागलं. घरोघरी याचे दोनच अर्थ लावले जातात: गोळी हलक्या प्रतीची होती, नाहीतर मूल फार गोड खातं. दोन्ही चुकीचे आहेत. गोळी चांगलीच होती, पण मुलाला झालेल्या जंतांना एका गोळीचा हिशोब लागूच पडत नाही.

आपल्याकडे एक ते पाच वर्षांच्या मुलांना होणाऱ्या जंतांचे दोन गट धरले, तर पुढचं सगळं सोपं होतं. एक मातीतून येणारे, दुसरे माणसाकडून माणसाकडे जाणारे. लक्षणं, औषधाचा क्रम आणि घरात पाळायच्या सवयी या दोन गटांत वेगळ्या आहेत.

मातीतले आणि घरातले

मातीतल्या जंतांत सगळ्यात परिचित म्हणजे गोलकृमी. तो गांडुळासारखा लांब, फिक्कट गुलाबी-पांढरा, वीतभर किंवा त्याहून मोठा असतो. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते आणि ती शीवाटे बाहेर पडतात. मात्र ताजी अंडी लगेच कुणाला लागत नाहीत. ओलसर, उबदार मातीत ती दोन-तीन आठवडे पिकावी लागतात, तेव्हा कुठे ती पोटात गेल्यावर जंत होतात. सावलीतल्या ओल्या मातीत ती वर्षानुवर्षंही टिकतात. म्हणून गोलकृमी झालेल्या मुलाच्या शेजारी झोपल्याने तो भावंडाला होत नाही. दोघं एकाच अंगणात खेळतात म्हणून दोघांना होतो.

अंकुशकृमीही मातीतलाच, पण त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तो आतड्याला चिकटून रक्त पितो, त्यामुळे मूल फिक्कं पडत जातं.

दुसऱ्या गटात सुतकृमी. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा. त्याला माती लागत नाही. मूल झोपलं की मादी आतड्यातून खाली उतरते, शीच्या जागेच्या आजूबाजूच्या कातडीवर हजारो अंडी घालते, आणि त्यानेच खाज सुटते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखं तोंडात जातात. ही अंडी काही तासांतच लागण करण्याजोगी होतात आणि चादरीवर, खेळण्यांवर, दाराच्या कडीवर दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या, अंगणाचा संबंधही नसलेल्या, टापटीप घरातल्या मुलालाही सुतकृमी होतात. यात आईच्या स्वच्छतेला नावं ठेवण्यासारखं काही नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण लाजेपोटी कितीतरी घरांत ही गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा

रात्री झोपल्यावर शीच्या जागी येणारी खाज ही सुतकृमीची सगळ्यात भरवशाची खूण. तिच्यासोबत झोपमोड आणि चिडचिड येते. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवायला हवी: हे जंत पुढे शूच्या जागेकडे सरकतात. तिथे लाली, खाज, जळजळ, थोडा स्राव, कधी पुन्हा अंथरूण ओलं करणं असं सुरू होतं आणि सगळे लघवीच्या जंतुसंसर्गामागे लागतात. लघवीची तपासणी स्वच्छ आली आणि त्रास रात्रीचाच असेल, तर जंतांचा विचार करा.

गोलकृमी थोडे असतील तर बहुतेकदा काहीच जाणवत नाही. जास्त झाले की बेंबीभोवती येऊन-जाऊन दुखतं, पोट फुगलेलं दिसतं, भूक मंदावते, वजन अडकून राहतं. कधी शीत, क्वचित उलटीत अख्खा जंत पडतो. मग शंका उरत नाही. अंकुशकृमीत मूल दमतं, ओठ आणि पापणीची आतली बाजू फिक्की दिसते.

माती, राख, पाटीची पेन्सिल खाणाऱ्या मुलाबद्दल ‘जंत झालेत म्हणून खातो’ असं म्हणतात. खरं तर अशी ओढ बऱ्याचदा अंगात लोह कमी पडल्याने लागते, आणि मग खाल्लेल्या मातीतून जंत येतात. अंकुशकृमी असेल तर तो लोह आणखी घटवतो. म्हणून अशा मुलाला नुसती जंताची गोळी पुरत नाही, हिमोग्लोबिन तपासून लोहाचं औषधही लागतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मि.लि. अशा प्रमाणात सरकारी कार्यक्रमातून मिळतं. आशाताईंकडे चौकशी करा. हिमोग्लोबिन खरोखर कमी निघालं तर मात्र डॉक्टर मात्रा वाढवतात.

आता ज्या खुणांवर विसंबू नये त्या. झोपेत दात खाणं, तोंडातून लाळ गळणं, गालावर पांढरट चट्टे उठणं. ही तिन्ही जंत नसलेल्या कितीतरी मुलांत दिसतात. गालावरचे चट्टे बहुधा कोरड्या कातडीचे असतात आणि जंताच्या औषधाने जात नाहीत. गोड खाण्यानेही जंत होत नाहीत. अंडी पोटात गेल्याशिवाय हे जंत होण्याचा दुसरा मार्ग नाही, अंकुशकृमीची कातडीतून शिरणारी अळी तेवढी सोडून.

घरी खात्री कशी करायची

मूल झोपून दोन-तीन तास झाले की मोठा दिवा न लावता टॉर्च घ्या, हळूच चड्डी खाली करून शीच्या जागेच्या घड्या अलगद बाजूला करा. हलणारे पांढरे दोरे दिसले तर निदान झालं. एक रात्र काही दिसलं नाही तर आणखी दोन रात्री पाहा, कारण मादी रोज बाहेर येतेच असं नाही.

काहीच दिसलं नाही, पण खाज आहे, तर चिकटपट्टीची तपासणी करतात. ती सकाळी मूल उठल्याबरोबर, शी आणि अंघोळीच्या आधी करायची. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा चिकट बाजूने शीच्या जागेभोवतीच्या कातडीवर दाबायचा, उचलायचा आणि काचपट्टीवर सपाट चिकटवायचा. काचपट्टी आधीच लॅबमधून आणून ठेवा. ओळीने तीन सकाळी असे नमुने घेतले तर सापडण्याची शक्यता बरीच वाढते. नंतर तुमचे हात साबणाने घासून धुवा, नखांसकट.

शीची तपासणी गोलकृमी आणि अंकुशकृमीसाठी उपयोगी आहे. सुतकृमीची अंडी शीत क्वचितच येतात, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावरून सुतकृमी नाहीत असं ठरवू नये.

सहा महिन्यांची गोळी: ती कशासाठी, कशी द्यायची

2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, साधारण 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला. राहिलेल्या मुलांसाठी आठवडाभराने पुन्हा एक दिवस ठेवतात. 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल मोफत मिळते. मूल अंगणवाडीत जात नसेल तरी तिथे नेऊन डोस घेता येतो. तारखा पुढेमागे होतात, म्हणून सेविकाताईंना आधी विचारून ठेवा.

हा डोस मुख्यतः मातीतल्या जंतांसाठी आहे. लक्षण नसलं तरी देतात, कारण मातीतून लागण पुन्हापुन्हा होत राहते आणि जंतांची संख्या वाढू न देणं हाच हेतू असतो. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे 200 मि.ग्रॅ.; दोन वर्षांनंतर पूर्ण गोळी, 400 मि.ग्रॅ. एक वर्षाच्या आतल्या बाळाला या कार्यक्रमात औषध देत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या 10 मि.लि.च्या बाटलीत बहुधा 400 मि.ग्रॅ. औषध असतं, तेव्हा एक ते दोन वर्षांच्या बाळाला त्यातलं निम्मं. तरी बाटलीवरचं प्रमाण वाचून आणि डॉक्टरांना विचारूनच द्या.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला गोळी न चुरता कधीच देऊ नका. दोन चमच्यांमध्ये ती पूर्ण चुरा, थोड्या पाण्यात मिसळा, मुलाला सरळ बसवा आणि थोडं-थोडं पाजा. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून औषध ओतणं फार धोक्याचं आहे, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मूल रडत असेल तर थांबा, तासाभराने द्या, दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं. तीन वर्षांवरच्या मुलाला गोळी तुमच्यासमोर चावून खायला लावा. उपाशी ठेवायची गरज नाही आणि नंतर एरंडेलाचा जुलाब देण्याचीही नाही.

ताप असेल, मूल आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर त्या दिवशी थांबा आणि बरं झाल्यावर द्या. मुलाला पूर्वी झटके आले असतील तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हे औषध देऊ नका. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असल्या तर औषधाने तिथली सूज वाढून झटका येऊ शकतो.

औषधानंतर थोडं पोट दुखणं, मळमळ, एखादी उलटी होऊ शकते, विशेषतः जंत जास्त असतील तर. हे काही तासांत थांबतं. शीत जंत पडलेले दिसले नाहीत म्हणून औषध लागू पडलं नाही असं नाही, बऱ्याचदा काहीच दिसत नाही. दिलेल्या डोसची तारीख लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवा. अंगणवाडीत 10 तारखेला डोस, आणि आठवड्याभरात दवाखान्यात ‘जंताचं औषध राहिलंय’ म्हणून पुन्हा डोस, असा घोळ त्यामुळे टळतो.

वावडिंग बाळघुटीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजींच्या मायेबद्दल आदर ठेवूनही स्पष्ट सांगायला हवं, की जंत झालेले असताना वावडिंग, कारल्याचा रस किंवा पपईच्या बिया यांवर वेळ घालवू नये. त्यांची एवढ्या लहान मुलांसाठी खात्रीची मात्रा ठरलेली नाही, आणि औषध स्वस्त, साधं आणि सहज मिळणारं आहे.

सुतकृमीचा पंधरा दिवसांचा कार्यक्रम

आता सुरुवातीच्या त्या घराकडे येऊ. समजा, तीन वर्षांची मुलगी आहे, सहा वर्षांचा भाऊ, आई-बाबा आणि आजी. मुलीला अंगणवाडीत आणि मुलाला शाळेत ऑगस्टचा डोस मिळाला. तरी खाज परत आली, कारण औषध पोटातले जंत मारतं, पण नखांतली, चादरीतली अंडी तशीच राहतात. गोळीनंतर दोन दिवसांनी मुलीने अंगठा चोखला आणि नवी फेरी सुरू झाली. शिवाय आई-बाबांनी आणि आजीने काही घेतलंच नव्हतं. मोठ्यांत सुतकृमी बऱ्याचदा खाज न देता राहतात, आणि लहान मुलांच्या घरात एकाला झाले की इतरांनाही झालेले असण्याची शक्यता धरूनच चालतात.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं आणि बरोबर दोन आठवड्यांनी दुसरा डोस. दोन आठवडेच का? पहिल्या डोसच्या आसपास गिळली गेलेली अंडी तोवर उबवून आतड्यात जंत झालेली असतात, पण अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतात. त्याला साधारण महिना लागतो. हा दुसरा डोस चुकला तर पहिला वाया गेल्यातच जमा.

आई गरोदर असेल तर तिने हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, पहिल्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही. तिच्यासाठी स्वच्छतेवर भर देतात आणि औषधाचं डॉक्टर ठरवतात. अंगावर पाजणाऱ्या आईनेही आधी विचारावं. दोन वर्षांखालच्या बाळाची मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या.

या घराने शनिवार निवडला, कारण रविवारी सकाळी कामाला माणसं हाताशी असतात. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांची नखं अगदी बारीक कापली आणि कापलेले तुकडे कागदात गुंडाळून टाकले. रात्री पाचही जणांनी औषध घेतलं. मुलांना नीट बसणारी सुती चड्डी आणि वर पायजमा घातला, म्हणजे झोपेत खाजवलं तरी बोटं थेट कातडीला लागत नाहीत.

रविवारी सकाळी उठल्याबरोबर, खाण्यापिण्याआधी, दोघांना अंघोळ. ही सकाळची अंघोळ सगळ्यात महत्त्वाची, कारण रात्री घातलेली अंडी तेव्हाच धुऊन जातात. बादलीतल्या पाण्यात मुलाला बसवू नका. तांब्याने वरून पाणी ओता, शीची जागा साबणाने स्वच्छ करा आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. मग चादरी, अभ्रे, टॉवेल आणि रात्रीचे कपडे उचला. उचलताना झटकू नका, अंडी हवेत उडून पुन्हा घरभर पडतात. घडी आत वळवून गोळा करा, गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. गोधड्या धुणं शक्य नसेल तर निदान उन्हात टाका. फरशी कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. तोंडात जाणारी खेळणी साबणाच्या पाण्याने धुवा.

पुढचे चौदा दिवस रोज फक्त तीन गोष्टी: सकाळची अंघोळ, रोज बदललेली चड्डी, आणि शी झाल्यावर व जेवणाआधी साबणाने हात. चादर शक्य असेल तर तीन-चार दिवसांनी बदला. घर रोज घासायची गरज नाही. थकून सगळंच सोडून देण्यापेक्षा या तीन गोष्टी टिकणं मोलाचं. चौदाव्या दिवशी, शनिवारीच, सगळ्यांचा दुसरा डोस आणि रविवारी पुन्हा एकदा चादरींची धुलाई.

खाज पहिल्या आठवड्यातच कमी होते. दुसऱ्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी परत आली तर बहुधा औषध निकामी नसून लागण नव्याने झालेली असते: एखादा डोस चुकलेला, किंवा दिवसभर मुलं सांभाळणारी व्यक्ती, पाळणाघरातलं जोडीचं मूल राहून गेलेलं. पाळणाघरात निःसंकोच सांगा. तुमच्या मुलाचं नाव खराब होत नाही, उलट बाकीची मुलं वाचतात.

मातीच्या जंतांना अडवणाऱ्या सवयी

इथे मुळाशी आहे शीची विल्हेवाट. लहान बाळाच्या शीत काय असणार, असं समजून ती अंगणाच्या कडेला, परसात किंवा गटारात टाकली जाते. चालणाऱ्या, माती चाटणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाच्या शीत मोठ्यांइतकीच अंडी असू शकतात. ती संडासातच गेली पाहिजे. डायपर फेकण्याआधीही शी संडासात झटकून टाका, मग हात धुवा.

दुसरं म्हणजे भाज्या. कोथिंबीर, मेथी, पालक जुडीसकट पाण्यात बुडवून काढल्याने माती जात नाही. जुडी सोडा, मुळं कापा, पानं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. काकडी, गाजर, मुळा घासून सोला. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्यावर विसंबू नका. गोलकृमीच्या अंड्याचं कवच चिवट असतं, त्याला घासून काढावं लागतं किंवा शिजवावं लागतं. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनलाही ही अंडी दाद देत नाहीत. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गाळून उकळून घ्या.

हात धुताना सॅनिटायझर जंतांच्या अंड्यांवर फारसा चालत नाही. साबण, पाणी आणि घासणं हेच लागतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ‘हात धू’ म्हणून पाठवलं तर ते तळहात ओले करून परत येतं. त्याच्या मागे उभं राहून, त्याचे हात तुमच्या हातात घेऊन, नखांची टोकं तळव्यावर घासून दाखवा. अंगणात, शेताच्या बांधावर, पावसाळी वाळूत चप्पल घालायची सवय लागली की अंकुशकृमीचा रस्ता बंद होतो. माती खेळू न देणं हा उपाय नाही. खेळू द्या, खेळून आल्यावर हात आणि नखं धुवा.

दवाखान्यात लगेच कधी न्यावं

पोट खूप दुखतंय, फुगून टणक झालंय, हिरवट उलट्या होतायत, शी आणि वारा दोन्ही अडलेत, अशा वेळी घरी जंताचं औषध मुळीच देऊ नका. गोलकृमींचा गुंता होऊन आतडं अडलेलं असू शकतं. तोंडाने काही न देता मुलाला सरळ सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. उलटीत जंत पडला आणि सोबत पोटदुखी असेल, शीत रक्त येत असेल, किंवा मूल एकदम फिक्कं पडून धापा टाकत असेल, तरी थांबू नका.

एवढी घाई नसते, पण भेट हवी, अशा गोष्टी: दोन डोस देऊनही महिन्याभरात परतलेली खाज, औषधानंतरही वाढत नसलेलं वजन, आणि सुटत नसलेली माती खायची सवय. जाताना कार्डावरच्या डोसच्या तारखा, कुणाकुणाला औषध दिलं त्याची यादी आणि शीत जंत दिसला असेल तर त्याचा फोटो सोबत न्या.